मुंबईसमोर तेल, चंद्रपुरात कोळसा आणि मधे नुसता काळा दगड, असं का?

घाटमाथा

नकाशा बघताना पडलेला प्रश्न आहे. राज्याच्या पूर्वेच्या टोकाला वणी, घुग्घुस, बल्लारपूर, उमरेड इथे कोळसा. पश्चिमेला किनारा सोडून 160 किलोमीटर समुद्रात गेलं की मुंबई हाय, तिथे तेल आणि वायू. मधल्या एवढ्या मोठ्या पट्ट्यात, म्हणजे नाशिक, पुणे, सातारा, सोलापूर, मराठवाडा, यातलं काहीही नाही.

शाळेत "वनस्पती व प्राणी गाडले गेले, दाब व उष्णता मिळाली" एवढंच शिकलो. पण झाडं तर सगळीकडेच होती. मग ठरावीक जागीच का? आणि जिथे कोळसा तिथे तेल नाही, तेल तिथे कोळसा नाही, असं का दिसतं? जाणकारांनी सांगावं. विकिपीडियाचे दुवे नकोत, ते वाचून झालेत.

---

ज्वालामुखी

सोपं आहे. सह्याद्री म्हणजे लाव्हा. 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला आणि खाली जो काही कोळसा, तेल होतं ते जळून गेलं. विदर्भाच्या पूर्व टोकाला आणि समुद्रात लाव्हा पोचला नाही म्हणून तिथे शिल्लक राहिलं.

---

बल्लारपूरकर

जळून गेलं म्हणता, पण आमच्याकडे चंद्रपूर आणि नागपूर जिल्ह्यांच्या सीमेवर बंदर नावाचं कोळसाक्षेत्र आहे, त्याच्यावर काही भागात ट्रॅपच, म्हणजे लाव्ह्याचा काळा दगडच आहे की. खाली कोळसा शाबूत. मी खाणीत सर्वेला होतो, वर काळा दगड लागला म्हणून खाली काही नाही असं कोणी म्हणत नसे. फक्त खर्च वाढतो.

---

कोअरबॉक्स

भूशास्त्रात नोकरी केली, आता निवृत्त. सवडीने लिहितो.

ज्वालामुखी यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तापलेला शिलारस कोळशाच्या थरात घुसला तर कोळसा खरंच भाजतो. झरिया आणि राणीगंजला असे भाजलेले पट्टे आहेत, तिथले लोक त्याला झामा म्हणतात. पण झामा होतो तो डाइकच्या, म्हणजे थर फोडून वर आलेल्या शिलारसाच्या भिंतीच्या शेजारी, थोड्याच मीटरमध्ये. वरून वाहत आलेला लाव्हा आपल्या खालची जमीन फार खोलवर तापवत नाही. खडक उष्णतेचा वाईट वाहक आहे आणि लाव्ह्याची बहुतेक उष्णता वर हवेत जाते. त्यामुळे "जळून गेलं" हे उत्तर चालत नाही.

आणि दुसरं, समुद्रात लाव्हा पोचला नाही हे चूक. मुंबईसमोरच्या समुद्रतळाखाली बऱ्याच भागात तळाचा खडक हाच दख्खनचा बेसॉल्ट आहे. तेल त्याच्या वरच्या गाळात आहे. म्हणजे तेल लाव्ह्यानंतरचं, कोळसा लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा. हे दोन वेगळ्या काळातले, वेगळ्या भूगोलातले प्रसंग आहेत. म्हणून एका कारणात दोन्ही बसवू नका.

आधी कोळसा. वर्धा खोऱ्यातला कोळसा साधारण 28 कोटी वर्षांपूर्वीचा, बराकर नावाच्या थरांतला. तेव्हा भारत गोंडवनाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाकडे, थंड पट्ट्यात होता. त्याच्या आधी इथे बर्फ होता. चंद्रपूरच्या परिसरात इरई इथे चुनखडकावर हिमनदीने ओढलेले ओरखडे एकोणिसाव्या शतकातच सापडले. बर्फ वितळल्यावर नद्या, तळी, दलदली आणि ग्लॉसोप्टेरिसची रानं. कोळसा म्हटला की लोकांना उष्ण कटिबंधातलं घनदाट जंगल दिसतं. ते युरोप-अमेरिकेच्या कोळशाचं चित्र आहे, आपलं नाही.

आता मुख्य मुद्दा. रान सगळीकडे होतं, पण मेलेलं झाड साधारणपणे कुजतं आणि संपतं. ते टिकायला पाण्याखाली, हवेविना पडून राहावं लागतं. आणि ते एकदा नाही, लाखभर वर्षं. हिशोब करून बघा. वर्धा खोऱ्यात पंधरा मीटरच्या आसपास जाडीचा थर मिळतो. दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या झाडापाल्याला पीट म्हणतात. सात-आठ मीटर पीट दाबून एक मीटर कोळसा होतो असं धरलं, तर शंभरेक मीटर पीट लागलं. दलदलीत पीट वर्षाला साधारण मिलिमीटरभर चढतं. म्हणजे एक लाख वर्षं.

पण शंभर मीटर खोल दलदल कुठेच नसते. म्हणून जमीनही त्याच वेगाने, वर्षाला मिलिमीटरभर खचत राहिली पाहिजे. जास्त वेगाने खचली तर दलदल बुडून तळं होतं आणि वर चिखल बसतो. कमी वेगाने खचली तर पीट पाण्यावर येतं, सुकतं, कुजतं. हा तोल जिथे साधला तिथेच जाड थर. दामोदर, सोन-महानदी, प्राणहिता-गोदावरी-वर्धा या रेषांवर कवचात जुने कमकुवत पट्टे होते. तिथे भेगा पडून मधली जमीन हळूहळू खाली बसत गेली. भारताचा कोळसा या तीन-चार पट्ट्यांत ओळीने मिळतो त्याचं कारण हे.

तेलाचं नंतर लिहितो. हात दुखतो.

---

बल्लारपूरकर

काका, हे वाचून एक गोष्ट उलगडली. आमच्या सीममध्ये, म्हणजे कोळशाच्या थरात, मधे मधे शेलचे, म्हणजे चिखलाच्या दगडाचे बँड येतात. कोळसा, मग हातभर दगड, मग परत कोळसा. म्हणजे तेवढ्या काळात दलदल बुडाली होती, असंच ना?

आणि राख! वीजकेंद्रवाले कायम ओरडतात की कोळशात दगड येतो. आम्ही म्हणायचो, दगड आम्ही नाही टाकला, देवाने टाकलाय.

---

कोअरबॉक्स

हो, जाड बँडचा अर्थ तोच. राखेचं मात्र थोडं वेगळं. बँड बाजूला काढले तरी आपल्या कोळशात 35-40 टक्के राख राहते, कारण बारीक माती पीटमध्येच मिसळलेली आहे. ती धुऊनही पूर्ण निघत नाही. नद्यांना पूर यायचे आणि गढूळ पाणी दलदलीत घुसायचं. काही जण म्हणतात झाडं जागच्या जागी गाडली गेलीच नाहीत, पुराने वाहून आणून टाकली, म्हणून एवढी राख. दुसरा गट म्हणतो, थराखाली मुळांच्या खुणा असलेली माती मिळते, मग झाडं तिथलीच. माझ्या मते दोन्ही आहे, सीमनुसार बदलतं. पण या वादात तीस वर्षं चहा पिताना मी निकाल लागलेला पाहिला नाही.

एक चांगली बाजू म्हणजे गंधक कमी, सहसा एक टक्क्याच्या आत. गोड्या पाण्याची दलदल होती. आसाम-मेघालयाचा कोळसा नंतरचा, समुद्राशी संबंध आलेला, त्यात गंधक भरपूर.

---

मेघना_प

माझं वाचन असं होतं की कोळसा बनला कारण त्या काळी लाकूड कुजवणाऱ्या बुरशा उत्क्रांतच झाल्या नव्हत्या. नंतर बुरशी आली आणि कोळसा बनणं थांबलं. यूट्यूबवर तर हेच सगळीकडे सांगतात.

---

कोअरबॉक्स

ऐकायला छान आहे म्हणून पसरलं. पण नेवेलीचा लिग्नाइट गोंडवन कोळशानंतर वीस कोटींहून जास्त वर्षांनी झाला, कच्छ आणि बारमेरचाही तसाच. तेव्हा बुरशी चांगल्या पोसलेल्या होत्या. बुरशीला हवा लागते. पाण्याखाली, खचणाऱ्या जमिनीवर तिचं काही चालत नाही. 2016 साली या कल्पनेविरुद्ध सविस्तर शोधनिबंधही आला. पूर्ण मेली आहे असं म्हणणार नाही, पण कोळसा कुठे आहे हे तिच्यावरून सांगता येत नाही. जमीन कुठे खचत होती यावरून सांगता येतं.

---

कुडाळची_वाडी

नमस्कार. आमच्या वाडीतल्या विहिरीत पावसाळ्यानंतर पाण्यावर तेलासारखा इंद्रधनुषी तवंग येतो. शेजारचे म्हणतात खाली तेल आहे, तुमची जमीन विकू नका. मुंबई हाय समुद्रात आहे तर कोकणाखाली पण येत असेल ना? कुणाला कळवावं लागतं?

---

तिरकस

काकू, आधी शेजाऱ्याला विचारा, त्याचा पंप त्या विहिरीवर आहे का. ग्रीस गळत असेल.

---

कोअरबॉक्स

पंप नसेल तरी बहुतेक तो लोहाचा तवंग असणार. जांभ्यातलं पाणी लोहाने भरलेलं असतं आणि लोह खाणारे जिवाणू अशी साय धरतात. ओळखायला काठी घ्या आणि तवंग हलवा. काचेसारखे तुकडे होऊन ते सुटे राहिले तर ते लोह. काठीमागे तवंग पुन्हा जुळून आला तर तेल. तेलाला वासही येईल. लोह असेल तर विहिरीच्या कडेला तांबूस गाळ पण दिसेल.

कोकणाखाली का नाही हे पुढच्या प्रतिसादात येईलच.

---

कुडाळची_वाडी

काठीने तुकडे झाले. जमीन तशीही विकायची नव्हती.

---

कोअरबॉक्स

आता तेल. कोळसा जिथे बनतो तिथेच राहतो. तेल बनतं एका जागी आणि सापडतं दुसऱ्या. घाटमाथा यांनी विचारलं होतं की कोळसा तिथे तेल का नाही, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. कोळशाच्या नकाशात दिसतं की जमीन कुठे खचली. तेलाच्या नकाशात दिसतं की पळणारं तेल कुठे अडलं.

मुंबई हायच घ्या. फेब्रुवारी 1974 मध्ये सागर सम्राट या रिगने तिथे तेल शोधलं, 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. तेल मुख्यतः एका चुनखडकात आहे, त्याला एल-थ्री म्हणतात. मायोसीन काळातला, साधारण दोन कोटी वर्षांचा. पण हा चुनखडक स्वच्छ उथळ समुद्रात बनला, त्यात तेल देण्याइतका सेंद्रिय माल नाही. त्याहून गंमत म्हणजे त्याच्या खाली तळाच्या भेगाळलेल्या कठीण खडकातही तेल मिळतं. त्या खडकात सेंद्रिय काही असण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे तेल बाहेरून आलं.

कुठून? हायच्या आजूबाजूला खोलगट भाग आहेत, सुरत डिप्रेशन त्यातला एक. लाव्ह्यानंतर भारताचा पश्चिम किनारा ताणून फाटला, काही ठोकळे खाली गेले, काही वर राहिले. वर राहिलेला एक ठोकळा म्हणजे हाय. खोलगट भागांत साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या दलदलीतला, खाडीतला काळा चिखल साठला, पन्ना नावाचे थर. त्यात थोडा कोळसाही आहे, बरं का. म्हणजे "तेल तिथे कोळसा नाही" हे पूर्ण खरं नाही. कोळसा आहे, पण समुद्राखाली एवढ्या खोल की काढायला कोणी जाणार नाही.

हे थर गाळाखाली दबत गेले. खाली जावं तसं तापमान वाढतं, दर किलोमीटरला साधारण 25-30 अंश, आपल्या पश्चिम पट्ट्यात त्याहून जास्त. साठ अंशांच्या पुढे चिखलातला सेंद्रिय माल फुटून तेल व्हायला लागतो, 120-150 पर्यंत तेल, त्यापुढे मुख्यतः वायू. या तापलेल्या खोल भागाला तेलवाले किचनच म्हणतात. हायवर पन्नाचे थर पातळ किंवा नाहीतच, म्हणजे किचन तिथे नव्हतं. ते उतारावर होतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, सच्छिद्र थरांतून आणि भेगांतून चढ चढत निघालं आणि सगळ्यात उंच ठोकळ्यावर येऊन साठलं.

चुनखडकाला छिद्रं का? समुद्र अधूनमधून ओसरला, खडक उघडा पडला, पावसाच्या पाण्याने तो आतून विरघळला. वर नंतर शेलचा थर बसला, त्यातून तेल निसटू शकत नाही. आणि हे झाकण बसल्यावर किचनमधून तेल आलं, आधी नाही. क्रम उलटा असता तर मुंबई हाय आज रिकामा असता.

कोकणात यातलं पहिलंच नाही. जांभ्याखाली बेसॉल्ट, दक्षिणेला आणखी जुने खडक. मधे जाड गाळच साठला नाही, तर शिजणार काय?

---

तिरकस

एवढं सगळं माहीत आहे तर विहिरी कोरड्या का जातात? दरवर्षी बातमी येते, इतके कोटी खर्च, हाती काही नाही.

---

कोअरबॉक्स

कारण वरून फक्त आकार दिसतो. भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात घुमट दिसतो, त्यात पाणी आहे की तेल हे बहुतेक वेळा भोक पाडल्याशिवाय कळत नाही. कोरडी विहीरसुद्धा बोलते मात्र. कोअरमध्ये, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या कांडीत, तेलाचे डाग आहेत पण तेल नाही, तर तेल आलं होतं आणि झाकण फुटून गेलं. डागसुद्धा नाहीत, तर या वाटेने तेल आलंच नाही, किचन दुसरीकडे आहे किंवा अजून तापलेलंच नाही. पुढची विहीर कुठे घ्यायची हे त्यावरून ठरतं. हे नुकसान वाटतं खरं, पण त्याशिवाय मुंबई हायच्या शेजारची क्षेत्रं सापडली नसती.

---

वाळूतला_मराठी

दम्मामहून. इथे ड्रिलिंगच्या पुरवठ्याच्या बाजूला आहे, भूशास्त्रज्ञ नाही, पण कॅन्टीनमध्ये रोज हेच ऐकतो.

घावर हे क्षेत्र 1948 मध्ये सापडलं, सुमारे 280 किलोमीटर लांब एकच घडी. मुंबई हाय 75 किलोमीटरच्या आसपास लांब आहे ना? इथे वेगळं काय आहे असं विचारलं की सगळे एकच सांगतात, इथे सगळं एकावर एक बसलंय. खाली ज्युरासिक काळातला तेल देणारा चुनखडकी चिखल, लगेच वर अरब नावाचा सच्छिद्र चुनखडक, आणि त्याच्यावर हिथ नावाचा अनहायड्राइट, जवळजवळ न फुटणारा. तेलाला फार लांब जावंच लागलं नाही आणि वर निसटायला जागा नाही.

म्हणून जगाच्या ज्ञात तेलसाठ्याचा जवळजवळ निम्मा भाग मध्यपूर्वेत. वाळवंट म्हणून नाही! आमच्या गावी अजून लोकांना वाटतं वाळू आणि तेलाचा काही संबंध आहे.

---

मेघना_प

मग कतारला एवढा वायू आणि शेजारी तेल, हे कसं? किचन तर एकच असणार.

---

वाळूतला_मराठी

एक नाही, दोन मजले आहेत. कतार-इराणच्या मधल्या त्या मोठ्या क्षेत्रातला वायू खुफ नावाच्या खूप जुन्या, खोल खडकात आहे. त्याचा स्रोत सिलुरियन काळातली काळी शेल, ती इतकी खोल गेली आणि इतकी तापली की तेल फुटून वायू झाला. वरच्या मजल्यावर ज्युरासिक तेल वेगळं. याच्यापुढे मला विचारू नका, कॅन्टीन बंद होतं.

---

कोअरबॉक्स

बरोबर सांगितलंत. आपल्याकडे यात मालाचा प्रकारही येतो. शेवाळासारख्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांपासून तेल जास्त मिळतं, जमिनीवरच्या झाडापाल्यापासून वायू आणि मेणकट तेल. मुंबई हायचं तेल हलकं, कमी गंधकाचं आणि मेणकट आहे. थंड पडलं की घट्ट होतं, म्हणून नळातून नेताना काळजी घ्यावी लागते. त्यातले ठरावीक रेणू पन्नाच्या शेलमधल्या रेणूंशी जुळतात. कुणाचं मूल कोणतं हे असं ठरवतात.

उत्तरेला ताप्तीच्या क्षेत्रांत मुख्यतः वायू, आणि चुनखडकाऐवजी वाळूचे थर. नर्मदा-तापीचा गाळ तिथे यायचा, गढूळ पाण्यात चुनखडक वाढत नाही. हाय त्या गाळापासून दूर होता म्हणून तिथे चुनखडक. तो दीडशे किलोमीटर वर सरकला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

---

घाटमाथा

पूर्व आणि पश्चिम समजली. मधला महाराष्ट्र राहिला. लाव्ह्याने जाळलं नाही हे मान्य. मग लाव्ह्याखाली आहे काय? झाकलेला कोळसा असू शकतो की नाही? बंदरला आहे म्हणता.

---

कोअरबॉक्स

याचं उत्तर भोकं पाडून काही ठिकाणी मिळालंय. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे विहीर घेतली. 338 मीटर बेसॉल्ट, खाली जेमतेम आठ मीटर गाळ, आणि मग तळाचा जुना कठीण खडक. कोयनेच्या भागात खोल विहिरी झाल्या, तिथे सुमारे एक किलोमीटर बेसॉल्ट आणि खाली थेट ग्रॅनाइट-नाइस. मधे गाळ नाहीच. म्हणजे या दोन्ही जागा गोंडवन काळात खचलेल्या नव्हत्या, किंवा थोडं काही साठलंही असेल तर लाव्ह्याआधी धुपून गेलं. बंदर वर्ध्याच्या खचलेल्या पट्ट्यावर आहे म्हणून तिथे वर ट्रॅप असूनही कोळसा आहे. ट्रॅप आहे की नाही यापेक्षा खाली जुनी खचलेली दरी आहे की नाही, हे महत्त्वाचं.

---

ज्वालामुखी

दोन भोकांवरून अख्खा मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र बाद? जळगाव-धुळ्याकडे ट्रॅपखाली गाळ आहे असं मी वाचलंय.

---

कोअरबॉक्स

दोन भोकांवरून अख्खा नाही, ते बरोबर. आणि नर्मदा-तापी पट्ट्याबद्दल तुमचं वाचन योग्य आहे. तो पट्टा जुना कमकुवत भाग आहे. गुरुत्व आणि विद्युत-चुंबकीय मोजमापांवरून तिथे ट्रॅपखाली जाड गाळ असल्याचा अंदाज एनजीआरआय या भूभौतिक संशोधन संस्थेच्या लोकांनी मांडलाय. पण हे अंदाज आहेत. भूकंपलहरी बेसॉल्टच्या माथ्यावरूनच मोठ्या प्रमाणात परततात, आणि बेसॉल्टच्या एकावर एक प्रवाहांमुळे खालचं चित्र गढूळ येतं. मुंबईसमोरही ट्रॅपखाली काय आहे हे नीट न कळण्याचं मोठं कारण हेच.

समजा गाळ आहे. तो वाळूचा असेल तर काळा थर कुठे आहे? काळा थर असेल तर 6.6 कोटी वर्षांपूर्वी वर बेसॉल्ट चढला तेव्हा आणखी खोल गेला, जास्त तापला. कदाचित तेलाची वेळ टळून वायूच उरला असेल. कदाचित वायूही सातपुड्याच्या भेगांतून कधीच निघून गेला असेल.

---

बल्लारपूरकर

म्हणजे एक विहीर घ्यायला पाहिजे, तीपण ट्रॅप पार करून. खर्च कोण करणार?

---

तिरकस

धुळ्याचे आमदार.

---

कोअरबॉक्स

खर्चापेक्षा जागा ठरवणं अवघड आहे. ट्रॅपखालच्या दरीची कड सापडली पाहिजे. मधोमध भोक पाडलं तर गाळ जाड मिळेल, पण हलकं काही असलंच तर ते कडेच्या उंच ठोकळ्यावर गेलेलं असणार. ती कड दाखवेल असा एकही सर्वे माझ्या काळात मनासारखा आला नव्हता. सध्या त्या भागात काम करणारं कोणी इथे असेल तर लिहा, गेल्या काही वर्षांत चित्र सुधारलं असेल तर मला वाचायला आवडेल.